उकळून चावायचा की मापाचा?

तुम्ही विचारलंत म्हणून: "डॉक्टर, गरम पाण्यात मऊ करून चावायचा माउथगार्ड चालेल का, की मापाचाच करून घ्यायचा?"

पक्के दात सगळे आले असतील आणि बॉक्सिंग, रग्बी किंवा हॉकी नियमित खेळणार असाल, तर मापाचाच घ्या. कारण आहे जाडी.

खेळात सर्वात जास्त मार बसतो तो वरच्या समोरच्या दातांना. तिथे गार्डची जाडी 3 ते 4 मिलिमीटर हवी. त्याहून पातळ झाला की धक्का शोषण्याची ताकद झपाट्याने घटते. उलट 4 च्या पुढे जाडी वाढवून फायदा फारसा होत नाही, ओठ मात्र फुगतो आणि बोलणं-श्वास घेणं जड जातं.

उकळायच्या गार्डमध्ये नेमकी ही जाडीच हातची जाते. तो मऊ झालेला असताना माणूस सवयीने जोरात चावतो, आणि दातांखालचं मऊ प्लास्टिक बाजूला सरकतं. माझ्याकडे हॉकी खेळणारा एक मुलगा असा गार्ड घेऊन आला होता. गार्ड उजेडासमोर धरला तर समोरच्या दातांच्या कडेपाशी तो पारदर्शक दिसत होता. कॅलिपरने मोजलं, तिथे जेमतेम 1 मिलिमीटर उरला होता. तोंड उघडलं की तो खाली पडायचा, म्हणून मुलगा धावताना दात आवळून तो धरून ठेवायचा आणि दम लागला की काढून हातात घ्यायचा. हातातला गार्ड कसले दात वाचवणार?

त्याच्यासाठी वरच्या जबड्याचं माप घेऊन प्लास्टरचा साचा केला. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: मापाचा गार्डही पातळ होऊ शकतो. गरम केलेली प्लास्टिकची शीट साच्यावर ओढली जाताना ताणली जाते आणि दातांच्या कडांवर तिची बरीच जाडी जाते. 4 मिलिमीटरची एकच शीट वापरली, तर समोर 4 मिलिमीटर उरत नाहीत. म्हणून त्याच्यासाठी 3 मिलिमीटरच्या दोन शीट दाबाच्या मशीनवर एकावर एक चिकटवल्या. तयार गार्ड समोर जवळजवळ 4 मिलिमीटर भरला. मग वरच्या ओठाची मधली शीर जिथे हिरडीला जोडलेली असते, तिथे खाच ठेवली, कडा गुळगुळीत केल्या आणि खालचे दात दोन्ही बाजूंनी सारखे टेकतात की नाही ते रंगीत कागदाने पाहिलं. नुसत्या एका बाजूच्या दाढा टेकत असतील, तर हनुवटीवर बसलेला मार सगळा तिथेच जातो. तुम्ही करून घ्याल तेव्हा शीटची जाडी विचारू नका, तयार गार्ड समोरच्या दातांवर किती भरतो ते मोजून दाखवायला सांगा.

मात्र दुधाचे दात पडत असताना आणि पक्के येत असताना मी उकळायचाच सुचवते. काही महिन्यांत तोंडातलं माप बदलतं, मापाचा गार्ड तोवर घट्ट होतो आणि येणाऱ्या दाताच्या वाटेत उभा राहतो. दातांना तारा असतील तर मात्र स्वतः उकळून बसवू नका. मऊ प्लास्टिक ब्रॅकेटमध्ये अडकतं. तिथे साच्यावर तारांसाठी जागा सोडून गार्ड करावा लागतो.

उकळायचा बसवताना पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक सेकंदही जास्त पाण्यात ठेवू नका. बाहेर काढून पाणी झटका, तोंड भाजणार नाही इतकं निवू द्या. आरशात बघून, गार्डचा मध्य आणि दातांचा मध्य जुळवून तो वर चढवा. आता चावायचं नाही. बाहेरून गालांवर आणि ओठांवर बोटांनी दाबा, आतून जीभ टाळूकडे रेटा, आणि हवा व थुंकी चोखून घ्या. म्हणजे प्लास्टिक दातांना बिलगतं. खालचे दात नुसते हलके टेकवा, ठसा उमटेल इतपतच. मग थंड पाण्यात बुडवा.

दोन्ही प्रकारांची परीक्षा एकच. तोंड पूर्ण उघडून डोकं हलवा, गार्ड जागचा हलता कामा नये. तो घालून वाक्य बोला, समोरच्याला कळलं पाहिजे. वर पातळ झालेली जागा, आरपार गेलेला दाताचा खड्डा किंवा फाटलेली कड दिसली की तो बदला. खेळून झाल्यावर थंड पाण्याने धुवा आणि भोकांच्या डबीत ठेवा. उन्हात तापलेल्या गाडीत राहिला तर त्याचा आकार बिघडतो.

डोक्याला बसणारा हादरा माउथगार्डमुळे टळतो, असं खात्रीने म्हणता येत नाही. त्याचं काम दात, ओठ आणि जबडा वाचवणं. मार लागून खेळाडू भांबावला, तर गार्ड घातलेला असला तरी त्याला लगेच मैदानाबाहेर काढा.