मिटलेल्या पंखाचं टोक कुठे संपतं?

मागच्या डिसेंबरात एका रविवारी सकाळी नागपूरहून उमरेड रोडने पाचगावच्या पुढे गेलो आणि तीन तासांत दीडशेच्या आसपास फोटो काढून आलो. त्यातल्या तीन पक्ष्यांनी माझे पुढचे चार रविवार खाल्ले. एक विजेच्या खांबावर बसलेला, दुसरा हरभऱ्याच्या वावरावर हवेत एकाच जागी फडफडत थांबलेला, तिसरा नांगरलेल्या ढेकळांत जमिनीवर बसलेला. तिघेही शिकारी पक्षी, तिघेही तपकिरी, तिघांची चोच वाकडी. मी फोल्डरला नावं देऊन मोकळा झालो: खांबावरचा लग्गर ससाणा, हवेतला भोवत्या, ढेकळांतली खरुची. तिन्ही चुकीची निघाली.

आमच्या सोसायटीत एक काका राहतात, वनखात्यातून निवृत्त झालेले. त्यांना लॅपटॉप दाखवला तर त्यांनी आधी चष्मा पुसला, मग म्हणाले, "बाबू, तू रंग पाहून राहिला. पंखाचं टोक पाह अन् शेपटीचं टोक पाह. मंग बोल."

खांबावरच्या पक्ष्याचे सात फोटो होते. मला तो लग्गर वाटला कारण डोळ्याखाली मिशीसारखी उतरती गडद रेघ होती आणि तो चांगला दणकट दिसत होता. दणकट दिसणं ही माझीच करामत. फोटो इतका कापला होता की पक्षी चौकटभर झाला. खरुचीही ससाण्यांतलीच, साधारण ३२ ते ३५ सेंटीमीटरची, आणि लग्गर चाळिशीच्या आगेमागे, पण कापलेल्या फोटोत हा फरक पार गायब होतो. काकांनी सातांतला एकच फोटो ठेवला, ज्यात पक्षी बरोबर आडवा, कुशीवरून दिसत होता. स्क्रीनवर पट्टी धरायला लावली. मिटलेला पंख जिथे संपत होता तिथून पुढे शेपटीचा चांगलाच भाग उघडा होता, त्यात टोकाजवळची रुंद काळी पट्टी अख्खी दिसत होती. खरुची अशीच बसते, पंख शेपटीच्या बरेच अलीकडे संपतात. लग्गरचं पंखाचं टोक शेपटीच्या टोकाच्या जवळपास येतं, थोडंसंच कमी पडतं. बहिरी ससाण्यात तर ते जवळजवळ भिडतंच.

आता हे मानायला माझं मन तयार नव्हतं. मी दुसरा फोटो काढला, त्यात पंख शेपटीला भिडलेले दिसत होते. काका हसले. त्या फोटोत पक्ष्याने पाठ माझ्याकडे फिरवली होती आणि मी खांबाखालून कॅमेरा वर केला होता. खालून पाहिलं की शेपटी आखडल्यासारखी दिसते आणि पंखाचं टोक उगाच पुढे गेल्याचा भास होतो. शिवाय एक पंख सैल सोडलेला असेल तर दोन्ही टोकं वेगवेगळ्या जागी दिसतात. पिसं झडून नवी येत असतील तरी पंख तोकडा वाटतो. म्हणजे ही खूण पक्की आहे, पण आडव्या फोटोतच. त्या एका रविवारी मला एवढंच कळलं आणि ते पुरेसं होतं.

मग चेहरा. खरुचीच्या मादीची मिशी असते, पण पुसट, पेन्सिलने ओढून बोटाने फिरवल्यासारखी, आणि डोकं बारीक रेघांचं तपकिरी. लग्गरची मिशी बारीक पण ठळक, माथा तांबूस आणि डोळ्यामागून मानेकडे जाणारी गडद रेघ. माझ्या पक्ष्याच्या तांबूस पाठीवर आडव्या काळ्या पट्ट्या होत्या, लग्गरची पाठ तशी नसते. शेवटी काकांनी नखं मोठी करून पाहायला लावली. नखं काळी. छोटी खरुची ही वेगळी जात, तिची नखं फिकट असतात आणि तिचं पंखाचं टोक शेपटीच्या टोकाजवळ पोचतं, म्हणून ती शक्यताही गेली. खांबावर बसली होती खरुचीची मादी.

हवेतल्या पक्ष्याबद्दल मी जास्त हट्टाला पेटलो. त्याच्या पंखांची टोकं बोटांसारखी फाकलेली होती, आणि ससाण्यांचे पंख टोकदार असतात हे मला पाठ होतं. काकांनी सगळे फोटो ओळीने लावले. पहिल्या आठांत पक्षी एका जागी थांबलेला: शेपटी पंख्यासारखी उघडी आणि खाली झुकलेली, पंख वेगवेगळ्या अवस्थेत, पण डोकं प्रत्येक फोटोत जसंच्या तसं. वाऱ्यात थांबायचं म्हणून पिसं फाकवली की टोकदार पंखही बोथट दिसतो. नवव्या फोटोत तो वारा धरून तिरका निघाला होता, आणि तिथे तेच पंख कोयत्यासारखे टोकदार. हीसुद्धा खरुचीच, राखाडी डोक्याचा नर. मी आधी फक्त तिसरा फोटो पाहिला होता, कारण तो सगळ्यात स्पष्ट होता!

भोवत्या क्षणभर थबकतो, पंख मारतो, पण खरुचीसारखा ठाण मांडून फडफडत नाही. तो धुऱ्याच्या कडेने, तुरीच्या शेंड्यांना लागेल इतक्या खालून जातो, तरंगताना पंख उथळ व्हीसारखे वर धरून. बहुतेक जातींत मादीच्या किंवा पिल्लाच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असतो, तो माझ्या फोटोत नव्हताच. एका जागी फडफडणारा आणखी एक पक्षी आपल्याकडे सर्रास दिसतो, कापशी. पण ती राखाडी-पांढरी, खांद्यावर काळा डाग, डोळे लाल, तिच्यात गफलत होऊ नये. (माझी झालेली आहे, उन्हाविरुद्धच्या फोटोत. ते जाऊ द्या.)

ढेकळांतला पक्षी मी खरुची ठरवला होता, कारण खरुचीही ढेकळावर बसते. पण ती उभी बसते, डोकं मोठं, डोळा काळाभोर. हा पुढे झुकलेला होता, पाय लांब आणि काटकुळे, डोकं अंगाच्या मानाने लहान. गालाभोवती घुबडाच्या चेहऱ्यासारखी गोल कड होती. मिशी डोळ्याखाली उतरते, ही कड कानाच्या मागून फिरून हनुवटीकडे येते. काका म्हणाले, "हा भोवत्या. डोळे मिटून सांगतो." मग लगेच थांबले, कारण पुढचा प्रश्न होता कोणता भोवत्या.

फिकट भोवत्याच्या मादीला आणि पिल्लाला मानेवर फिकट पट्टा असतो, गालावरचा गडद डाग चोचीच्या मुळापर्यंत येतो. माँटेग्यूच्या भोवत्याला तो पट्टा जवळपास नसतो, डाग आखूड, डोळ्याभोवती पांढरा जास्त. बसल्यावर माँटेग्यूचं पंखाचं टोक शेपटीच्या टोकापर्यंत पोचतं, फिकट भोवत्याचं त्याआधी संपतं. म्हणजे पुन्हा तीच पट्टी, तेच टोक. पण माझ्या फोटोत शेपटीचा शेवट एका मोठ्या ढेकळामागे लपला होता आणि मान पलीकडे वळलेली. गडद डाग दिसत होता, पण चोचीजवळचा भाग सावलीत होता.

मी म्हटलं, "काका, पट्टा आहे असं वाटतंय."

"वाटतंय म्हणून नाव नको टाकू."

जानेवारीत त्याच वावराला दोनदा जाऊन आलो. तोवर हरभरा दाट झाला होता आणि धुऱ्यावर फक्त टिटव्या होत्या. फोल्डरचं नाव आता 'भोवत्या, शेपटी ढेकळामागे' असं आहे.