लॅपटॉपचा पंखा गप्प केला, पण अंडरव्होल्टिंगने नाही

माझ्या लॅपटॉपचा पंखा व्हिडिओ एक्सपोर्ट करताना ओरडायचा, ते मी समजू शकत होतो. राग यायचा तो ब्राउझर उघडल्यावर. चार टॅब उघडले की दोन सेकंदांत फुर्रर्र, मग अर्धा मिनिट शांतता, मग पुन्हा फुर्रर्र. आतली धूळ साफ केली, थर्मल पेस्ट बदलली. थोडा फरक पडला, पण फुरफुर काही थांबेना.

सगळीकडे एकच सल्ला मिळत होता: अंडरव्होल्ट कर. म्हणजे प्रोसेसरचा वेग तोच ठेवायचा आणि त्याला मिळणारं व्होल्टेज किंचित कमी करायचं. कारखान्यातून येताना प्रत्येक चिपला थोडं जास्तीचं व्होल्टेज ठरवून दिलेलं असतं, कारण एकाच मॉडेलच्या सगळ्या चिप्स सारख्या निघत नाहीत. ते जादाचं व्होल्टेज काढून घेतलं की उष्णता कमी होते आणि वेग जात नाही. ऐकायला फुकटचा फायदा.

लॅपटॉप सहा कोरच्या इंटेल प्रोसेसरचा आहे, म्हणून थ्रॉटलस्टॉप हा प्रोग्राम घेतला. (एएमडीवर तो चालत नाही, तिथे वेगळी साधनं लागतात.) त्यातली `FIVR` नावाची खिडकी उघडली, तर व्होल्टेजच्या सरकपट्ट्या करड्या आणि शेजारी `Locked`. दोन संध्याकाळी मी आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून घालवल्या. चूक माझी नव्हती. डिसेंबर २०१९ मध्ये `Plundervolt` नावाची सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली होती. व्होल्टेज मुद्दाम खाली ओढून प्रोसेसरच्या सुरक्षित भागात गणिती चुका घडवता येतात, असं संशोधकांनी दाखवलं. त्यानंतर बायोसच्या अपडेटमधून अनेक लॅपटॉपवर ही सोय बंद झाली. जुना बायोस टाकून कुलूप उघडायची युक्ती काही जण सांगतात. मी त्या वाटेला गेलो नाही. बायोस टाकताना मध्येच बिनसलं तर लॅपटॉप सुरूच होत नाही, आणि वर सुरक्षेची दुरुस्तीही जाते.

मग त्याच प्रोग्राममधली `TPL` ही खिडकी उघडली. खरं तर आधी तीच उघडायला हवी होती.

तिथे दोन आकडे महत्त्वाचे. `PL1` म्हणजे प्रोसेसरने दीर्घकाळ सलग किती वॅट खायचे त्याची मर्यादा. `PL2` म्हणजे थोड्या वेळासाठी किती उसळी मारायची त्याची. माझ्याकडे `PL1` ४५ होता आणि `PL2` ७५. आता ब्राउझरचं कोडं उलगडलं. टॅब उघडणं हे दोन-तीन सेकंदांचं काम, पण तेवढ्यात प्रोसेसर ७५ वॅटकडे झेपावायचा. तापमान ५० अंशांवरून ८८ वर जायचं आणि पंख्याला वाटायचं, आली आग. लांबच्या कामातली उष्णता `PL1` मुळे आणि ही फुरफुर `PL2` मुळे. दोन वेगळ्या तक्रारी, दोन वेगळे आकडे.

वॅट कमी केले तर वेग त्याच प्रमाणात घटेल, ही माझी भीती होती. तसं होत नाही. चिपला लागणारी वीज साधारणपणे व्होल्टेजचा वर्ग गुणिले वेग अशी वाढते, आणि वरच्या वेगांना व्होल्टेजही जास्त लागतं. समजा वेग १० टक्के घटवला आणि त्यासोबत व्होल्टेजही १० टक्के उतरलं, तर ०.९ × ०.९ × ०.९ म्हणजे जवळपास ०.७३. वेग दहा टक्के गेला, वीज सत्तावीस टक्के वाचली. शेवटचे थोडेसे मेगाहर्ट्झच सगळ्यात महाग असतात.

मोजमापासाठी एकच व्हिडिओ प्रत्येक वेळी एक्सपोर्ट केला, चार्जर लावून, त्याच टेबलावर. ४५ वॅटवर १४ मिनिटं १० सेकंद लागले, तापमान ९५ अंश. ३५ वॅटवर १५ मिनिटं २० सेकंद आणि ८२ अंश. २८ वॅटवर १७ मिनिटं आणि ७१ अंश. म्हणजे पहिल्या दहा वॅटची किंमत सव्वा मिनिटाच्या आतच, पण त्यापुढच्या सात वॅटसाठी एक मिनिट चाळीस सेकंद. मी ३५ वर थांबलो. `PL2` ४५ केला. आता टॅब उघडताना तापमान ६६-६७ पर्यंत जातं आणि पंखा आपला संथच फिरत राहतो.

उत्साहाच्या भरात एकदा दोन्ही आकडे १५ केले होते. व्हिडिओ कॉल चालू असताना दुसरी फाईल उघडली, तर माउसचा बाणच अडखळायला लागला. `PL2` थोडा मोकळा ठेवावा, कारण वापरताना जाणवणारा चटपटीतपणा त्या उसळीतूनच येतो. पाच-पाच वॅटनी उतरावं आणि प्रत्येक पायरीवर एक दिवस नेहमीची कामं करून पाहावीत.

मर्यादा खरंच लागू झाली का, हे `Limits` या बटणाखाली दिसतं. काम चालू असताना `PL1` चा चौकोन लाल झाला तर आपला आकडा प्रोसेसरला अडवतोय. `THERMAL` लाल झाला तर अजूनही उष्णताच अडवतेय, म्हणजे आकडा आणखी खाली हवा. पिवळा म्हणजे मघाशी अडवलं होतं, आत्ता नाही.

वॅटची मर्यादा खाली आणल्याने चिपला इजा होत नाही. हे आकडे बायोसमध्ये लिहिले जात नाहीत, लॅपटॉप पूर्ण बंद करून सुरू केला की मूळचे परत येतात. पण तोच त्रासही आहे. दोन दिवसांनी पंखा पुन्हा फुरफुरला तेव्हा पाहिलं, तर लॅपटॉप झोपेतून उठल्यावर आकडे पुन्हा ४५ आणि ७५ झाले होते. प्रोग्राम मागे चालू ठेवावा लागतो. मी टास्क शेड्युलरमध्ये टाकून तो लॉगिनबरोबर सुरू होईल असं केलं, तेव्हा हे थांबलं.

अंडरव्होल्टिंगची हौस शेवटी धाकट्या बहिणीच्या जुन्या लॅपटॉपवर भागली. तिथे कुलूप नव्हतं. `CPU Core` आणि `CPU Cache` दोन्हींना सारखंच ऑफसेट देत १० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी उतरलो. व्होल्टेज साठवून ठेवू नये हा पर्याय आधी निवडला, म्हणजे यंत्र गोठलं तरी रीस्टार्टनंतर सगळं जुन्यावर येतं. −९० वर तासभर पूर्ण भार देऊन पाहिला, काहीच झालं नाही, म्हणून खूश होतो. दुसऱ्या दिवशी तिचा फोन: "दादा, मी नुसतं टाइप करत होते आणि निळा स्क्रीन आला." त्यावर लिहिलं होतं `WHEA_UNCORRECTABLE_ERROR`. पूर्ण भारात सगळे कोर थोड्या कमी वेगाने चालतात. हलक्या कामात एखादाच कोर एकदम वरच्या वेगाला उडी मारतो, आणि कमी केलेलं व्होल्टेज नेमकं तिथे अपुरं पडतं. आता तिचा −६० वर आहे. तिची फाईल वाचली, कारण ती सवयीने दर ओळीला सेव्ह करते.