‘टेबलावर’ आणि ‘टेबलाच्या वर’

“तुम्ही मुलांच्या ॲपसाठी इंग्रजीचे धडे लिहिता ना? मग आधी मराठीत समजावून सांगायचं की सगळं थेट इंग्रजीतच ठेवायचं? मराठी दिलं तर पोरं त्यावरच विसंबून राहतील ना?”

सूचना मराठीत, आणि त्या आधी. याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. धड्यात शिकवायचा असतो ‘रेड’, आणि सूचना असते ‘ड्रॅग द वर्ड टू द करेक्ट पिक्चर’. म्हणजे एक सोपा शब्द शिकण्यासाठी मुलाला सात शब्दांचं, त्याहून कितीतरी अवघड वाक्य कळावं लागतं. ते कळत नाहीच. मूल दिसेल तिथे बोट लावत सुटतं, आणि चूक मात्र ‘रेड’च्या खात्यात जमा होते.

खरा पेच आहे तो शिकवायच्या मजकुराचा. सुरुवातीला मीही ‘फक्त इंग्रजी’वाली होते. ‘ऑन’ आणि ‘अबव्ह’चा धडा मी नुसत्या चित्रांवर रचला होता. टेबल, त्याला टेकलेलं पुस्तक, आणि टेबलाच्या वर टांगलेला दिवा. पुस्तक ऑन, दिवा अबव्ह. मला वाटलं, याहून स्वच्छ काय असणार! एका सात वर्षांच्या मुलीशेजारी बसून पाहिलं. दिव्याला तिने ‘ऑन’ लावलं, लाल फुली आली. मग ‘अबव्ह’ लावलं, बरोबर. पुढच्या दहा चित्रांत एकही चूक नाही. मी खूश. शेवटी सहज टेबलाला टेकवून ठेवलेल्या दिव्याचं चित्र दाखवलं, तर तिने बेधडक ‘अबव्ह’ म्हटलं. दिवा असला की ‘अबव्ह’, असा तिचा नियम झाला होता. बरोबर उत्तरांच्या रांगेआड चुकीचा नियम मजेत बसला होता.

वर्गात शिक्षिकेला हे चेहऱ्यावरून कळलं असतं. मॅक्सिमिलियन बर्लिट्झने १८७८ मध्ये अमेरिकेत भाषेची शाळा काढली आणि फक्त नव्या भाषेतूनच शिकवण्याची पद्धत गाजवली. पण तिथे समोर जिवंत माणूस होता. तो हातवारे करत होता, वस्तू उचलून दाखवत होता, गोंधळ दिसला की दुसरं उदाहरण देत होता. आमच्या ॲपला दिसतं ते फक्त बोट कुठे पडलं एवढंच.

मग मी मराठी घातलं, आणि पुन्हा फसले. दोन्ही शब्दांखाली अर्थ लिहिला: ‘वर’. आता तर फरकच पुसला गेला! गंमत अशी की मराठीत हा फरक आहेच, फक्त तो सुट्या शब्दात नाही. पुस्तक ‘टेबलावर’ असतं, दिवा ‘टेबलाच्या वर’ असतो. ढोबळमानाने का होईना, मूल हे रोज अचूक बोलतं. म्हणून तिसऱ्या खेपेला दोन अख्खी वाक्यं दिली आणि खाली एक ओळ: ‘टेकलेलं असेल तर ऑन, मधे जागा असेल तर अबव्ह.’ मराठीतून समजावणं म्हणजे शब्दाला शब्द चिकटवणं नव्हे, हे मला तेव्हा कळलं.

तुमची विसंबण्याची भीती मात्र खरी आहे. प्रत्येक वाक्याआधी मराठी वाजलं की मूल इंग्रजी ऐकतच नाही. ऐकायची गरज काय? म्हणून क्रम असा ठेवला: आधी चित्रासोबत इंग्रजी वाक्य, मग हळू आवाजात एकदाच मराठी, मग पुन्हा तेच इंग्रजी. शिक्षकांत याला सँडविच म्हणतात. दुसऱ्या फेरीपासून मराठी आपोआप वाजत नाही, बटण दाबावं लागतं. त्यातही पोरं हुशार! इंग्रजी वाक्य संपायच्या आधीच बटणावर बोट. असं वारंवार दिसलं की समजावं, ऐकणं थांबलंय. आता वाक्य पूर्ण वाजल्याशिवाय ते बटण उघडतच नाही.

उच्चारांच्या धड्यात मात्र मी मराठी समजावणी ठेवत नाही. तिथे कानाला काम करू द्यावं.

तिसऱ्या खेपेचा धडा त्याच मुलीला पुन्हा दिला. या वेळी शेवटचं चित्र मुद्दाम खोडसाळ होतं: छताला खालून चिकटून बसलेली माशी. ती थबकली, चित्राकडे पाहत पुटपुटली, “खाली आहे... पण टेकलीय,” आणि तिने ‘ऑन’ दाबलं.