८६ की १०४? वायटीडीतून महिना काढताना आलेला अनुभव

मासिक रिपोर्टचं काम माझ्याकडे आलं तेव्हा सगळं सोपं वाटलं होतं. अकाउंट्सकडून दर महिन्याला ट्रायल बॅलन्स यायचा, पण त्यात वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज असायची, म्हणजे वायटीडी. महिन्याचा आकडा वेगळा मिळत नसे. मग मी या महिन्याच्या वायटीडीतून मागच्या महिन्याचा वायटीडी वजा करायचो आणि उरेल तो महिन्याचा आकडा धरायचो. पहिले चार महिने काहीच अडलं नाही. विक्री ९५, १०८, ११२ आणि ९७ लाख, एकूण ४१२.

पाचव्या महिन्याच्या अखेरीस वायटीडी ४९८ आला. वजाबाकी केली, ८६ आले. गेल्या वर्षी याच महिन्यात ११६ लाखांची विक्री होती, म्हणजे जवळपास २६ टक्के घट. मी तसंच लिहून रिपोर्ट पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सेल्सच्या प्रमुख मॅडमचा फोन आला. आवाज शांत होता, पण दुखावलेल्या होत्या. "अहो, आम्ही १०४ लाखांची बिलं केली आहेत. सेल्स रजिस्टर उघडून बघा." उघडलं तर खरंच १०४. मग १८ लाख गेले कुठे?

आधी माझीच बेरीज तपासली, ती बरोबर होती. मग एक गोष्ट केली जी पहिल्यांदाच करायला हवी होती. सिस्टीममधून चारही जुन्या महिन्यांचे आकडे नव्याने काढले आणि मी छापलेल्या आकड्यांशेजारी ठेवले. तीन महिने जुळले. तिसरा महिना मात्र ११२ वरून ९४ वर आला होता. त्या महिन्यात गेलेला माल एका ग्राहकाने परत केला होता, आणि त्याची १८ लाखांची क्रेडिट नोट पाचव्या महिन्यात बनली, पण तारीख तिसऱ्या महिन्याची टाकली गेली. तो महिना सिस्टीममध्ये लॉक केलेला नव्हता, त्यामुळे नोंद निमूटपणे मागे जाऊन बसली.

आता हिशोब लागला. वायटीडी ४९८ बरोबरच होता, कारण तो दरवेळी सगळ्या नोंदी नव्याने मोजतो. ९५, १०८, ९४, ९७ आणि १०४ मिळून ४९८ होतात. चूक माझ्या वजाबाकीच्या अर्थात होती. मी नव्या वायटीडीतून जुन्या दिवशी छापलेला वायटीडी वजा करत होतो, आणि त्यातून मिळतो तो ‘या महिन्याची विक्री अधिक मागच्या महिन्यांत झालेली दुरुस्ती’ असा मिसळलेला आकडा. दुरुस्ती नसेल तोवर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून चार महिने मला काहीच कळलं नाही.

महिना लॉक असता तर ती क्रेडिट नोट पाचव्याच महिन्यात पडली असती. तेव्हा लेजरमध्येही ८६ च दिसले असते आणि बेरीज जुळली असती, पण महिन्याच्या कामगिरीचं चित्र तेवढंच चुकलं असतं. म्हणजे नुसतं जुळणं पुरेसं नाही, आत काय आहे तेही सांगावं लागतं. पाचव्या महिन्याची खरी घट सुमारे १० टक्के होती. ती गंभीर होतीच, पण २६ टक्के ऐकून लोक वेगळेच निर्णय घेतात, याची मला आजही बोच आहे.

याच रिपोर्टमध्ये वायटीडीने उलट्या बाजूनेही फसवलं असतं. गेल्या वर्षीचा पाच महिन्यांचा वायटीडी ४७० होता, त्यामानाने ४९८ म्हणजे ६ टक्के वाढ. फक्त ही ओळ वाचणाऱ्याला महिना घसरलाय हे दिसलंच नसतं, कारण आधीच्या चार महिन्यांची कमाई घसरण झाकून टाकते. वर्ष जितकं पुढे जातं तितकं हे झाकणं वाढतं, एक महिना एकूण बेरजेत फारसा उठून दिसत नाही.

त्यानंतर शीटमध्ये एक पडताळणीचा सेल टाकला. B ते F मध्ये छापलेले महिने, G मध्ये लेजरचा वायटीडी:

```
=SUM(B2:F2)-G2
```

त्या दिवशी हा सेल असता तर F मध्ये रजिस्टरचे १०४ टाकताच १८ दाखवले असते. शून्याशिवाय काहीही आलं की सर्व महिने नव्याने काढायचे, हे ठरलं. तिसऱ्या महिन्याच्या ९४ खाली ‘पूर्वी ११२, माल परत’ अशी टीप घालून सुधारित रिपोर्ट पाठवला, आणि मॅडमना आधी स्वतः फोन केला.

सहाव्या महिन्यात, सूत्र एक खाना पुढे सरकवल्यावर, सेलमध्ये ३ आले. या वेळी रिपोर्ट पाठवण्याआधीच मी अकाउंट्सच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो.