कूलर बंद केल्यावर

माझं बोलणं जेमतेम तीन मिनिटांचं होतं आणि त्यात खराखुरा विनोद एकच होता. तो सांगून झाला आणि हसायच्या आधी हॉल थांबला. फार नाही, एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच. लोकांनी आधी दादाकडे पाहिलं. दादा मांडीवर थाप मारून हसला, मग सगळे हसले. व्हिडिओवाल्याने कच्चं रेकॉर्डिंग पाठवलंय तेव्हापासून मी तेवढाच तुकडा पुढे-मागे करून पाहून राहिले आहे. नवरा म्हणतो, लोक लग्नाचा व्हिडिओ बघतात, तू पंचनामा करतेस.

विनोद असा. नवरा पहिल्यांदा घरी आला, बाबांचं नोकरी-पगार-मूळ गाव सगळं विचारून झालं, आणि इतका वेळ समोर बसून त्याला न्याहाळणारा दादा शांतपणे म्हणाला, "घेऊन जा गे मारबत!" नागपूरकराला यापुढे काही सांगावं लागत नाही. पुण्याकडच्या वऱ्हाडासाठी मी एक वाक्य जोडलं होतं, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई, महागाई, जे जे नको ते आम्ही मारबतीबरोबर गावाबाहेर धाडतो, आणि त्या वर्षी दादाने यादीत जावई घातला. यावर कुणीही हसेल. एखाद्या साध्या मेव्हण्याने हे म्हटलं असतं तर हॉल आडवा झाला असता. मग परवानगी कुणाची हवी होती?

एक शक्यता कूलरची आहे. मे महिन्यातलं लग्न, हॉलमध्ये ते भलेमोठे कूलर घों घों करत होते. दादाच्या कानाच्या नळ्या लहानपणापासून अरुंद आहेत, पडद्यामागे पाणी साचायचं, त्यामुळे ऐकू थोडं कमीच. डाउन सिंड्रोम असलेल्या पुष्कळ जणांचं असंच असतं. शांत खोलीत त्याला सगळं कळतं, गोंगाटात अर्धं निसटतं, आणि मग लोकांना वाटतं की त्याला समजलंच नाही. म्हणून मी आधीच मामाला सांगून ठेवलं होतं, मी बोलेन तेवढा वेळ स्टेजजवळचे कूलर बंद. दादाची खुर्ची पहिल्या रांगेत, माझ्या अगदी समोर. माइक हनुवटीच्या खाली, म्हणजे त्याला ओठ दिसतील. एका वाक्यात एकच गोष्ट, आणि त्याच्याबद्दल काही सांगायच्या आधी "दादा" म्हणून थोडं थांबायचं. ऑर्केस्ट्रावाल्याने विचारलं, ताई, मागे हळूच बासरी लावू का, इमोशनल होईल. नको म्हटलं दादा (हा वेगळा दादा), तीन मिनिटं चहा प्या.

तर कूलर बंद, बासरी नाही. एरवी ज्या क्षणाचा कुणाला पत्ता लागला नसता तो अख्ख्या हॉलला ऐकू आला. असंही असेल. पण लोकांच्या माना वळल्या होत्या ना. माना काही कूलरने वळत नाहीत.

या बोलण्यावर मी इतकी मेहनत घेतली आहे की एमकॉमच्या प्रोजेक्टवर घेतली नव्हती. पहिला खर्डा सगळा ऑपरेशनचा होता. दादा तान्हा असताना हृदयातलं छिद्र बुजवलं ते, आईचा उपवास, बाबांचं काचेतून बघणं. माझा तेव्हा जन्मही नव्हता, पण मला ते पाठ आहे. लिहिताना मीच रडले आणि वाटलं, जमलं. मग त्याला विचारायला बसले. आता दादाला "हे सांगू का?" असं विचारण्यात काही अर्थ नसतो. तो हो म्हणतो. समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतो, आणि त्याच सुरात विचारलं तर "हे नको ना सांगू?" लाही हो म्हणतो. म्हणून मी एकेका किश्श्याचं एकेक कार्ड केलं, वर फोटो किंवा माझं वेडंवाकडं चित्र, आणि पलंगावर दोन जागा ठरवल्या: इकडे ठेवलं तर सांगायचं, तिकडे ठेवलं तर नाही. चित्र समोर असलं की त्याला शब्द डोक्यात धरून ठेवावे लागत नाहीत. काही दिवसांनी पत्ते पिसून, जागा उलट करून पुन्हा तेच केलं. उत्तर बदललं नाही, म्हणजे ते त्याचंच.

दोन्ही वेळेला ऑपरेशनचं कार्ड "नाही"त गेलं. का म्हणून विचारलं आणि थांबले. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ते आईचं आहे."

खरंच आहे. त्याला त्यातलं काही आठवत नाही. त्याला आठवतं ते काकाच्या स्टेशनरीच्या दुकानातलं. कुठल्या खणात कुठल्या निबची पेनं आहेत हे काकाला शोधावं लागतं, त्याला दिसतं. महाल भागातल्या निम्म्या शाळकरी पोरांच्या वह्यांचं माप त्याला चेहऱ्यावरून माहीत आहे. ते कार्ड त्याने माझ्या हातातून घेऊन "सांग"च्या ढिगावर सगळ्यात वर ठेवलं. पहिल्या पगारातून मला बांगड्या घेतल्या, दुकानदाराने मागितले त्यापेक्षा जास्त पैसे देऊन आला, आणि बाबा ओरडले तर म्हणाला, "तिच्याच आहेत ना", तेही ठेवलं. मारबत अर्थातच ठेवलं.

आई त्यावरून अजून जरा... जाऊ दे.

आणखी एक परिच्छेद मी स्वतःच काढला. साखरपुड्याच्या आधी मावससासूबाईंनी विचारलं होतं, अगदी गोड आवाजात, की हे पुढे येत तर नाही ना. माझ्याकडे दादाचा गुणसूत्रांचा रिपोर्ट होता, जुना, कडा पिवळ्या पडलेला: 47,XY,+21. म्हणजे एकविसावं गुणसूत्र एक जास्त, आणि ते सुटं. तेच दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं तर आई-बाबा किंवा मी ते नकळत बाळगून असण्याची शक्यता होती आणि मलाही तपासून घ्यावं लागलं असतं. शंभरात तीन-चार जणांचंच तसं असतं, आमचं नाही. हे मी त्यांना कागदासकट समजावलं. मग भाषणात घालायला निघाले, एकदाच माइकवरून सगळ्यांच्या शंका मिटवून टाकू म्हणून. पण ते भावाचं कौतुक राहिलं नसतं, मालाच्या हमीचं पत्र झालं असतं. फाडलं.

सांगायचं म्हणजे, कुणाला कणव येईल असा एकही शब्द ठेवला नव्हता. देवाचं लेकरू नाही, निरागस नाही, त्याने आम्हाला जगणं शिकवलं वगैरे तर अजिबात नाही (त्याने मला पत्त्यांत फसवायला शिकवलं, हे होतं). तरी पंगतीत एक काकू आल्या, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "किती मोठं मन गं तुझं. आणि मुलाकडच्यांचंही." मी लाख रुपयांचा शालू नेसून, घामाने मेकअप निथळत उभी, आणि ऐकतेय की माझं मन मोठं आहे. स्वतःच्या लग्नातही मी त्याचीच बहीण. शाळेत तशी, कॉलेजात तशी, स्टेजवरही तशी. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, स्वतःबद्दल. कुणी म्हणालं नाही की पोरगी बोलते छान, किंवा निदान साडी छान. मग हेही आठवलं की विषय मीच निवडला होता. माझ्यावर बोला असं सांगून मी कुणाच्या हातात माइक दिला नव्हता.

तर पुन्हा तो थांबलेला हॉल.

दुपारच्या कानपिळीला हेच लोक होते. दादाने नवऱ्याचा कान असा पिळला की गडी वाकला. शर्टपीस पुढे केला, दादाने बघितलाही नाही. त्याला घड्याळ हवं होतं, ते त्याने आठवडाभर आधी दुकानात बोट लावून दाखवलं होतं. नवऱ्याने ते खिशात लपवून ठेवलं होतं आणि मुद्दाम ताणत होता. दोघे मामा ओरडत होते, सोडू नको बे, सोडू नको! माना कुणाच्याच वळल्या नाहीत. त्याआधी लाजाहोमात माझ्या ओंजळीत लाह्या घालताना अर्ध्या खाली सांडल्या, तेव्हा भटजी म्हणाले, मालक, अग्नीसाठी ठेवा थोड्या, आणि सगळे सरळ हसले. तिथे तो नवरीचा भाऊ होता, त्याचं काम ठरलेलं होतं, त्याची थट्टा करायची रीतसुद्धा ठरलेली होती. संध्याकाळी मी माइक घेतला आणि रीत संपली. नवरीने उभं राहून भावाबद्दल बोलायचं असतं हे आपल्याकडे कुणाच्या बापजाद्यांनी पाहिलेलं नाही. आता हसायचं की डोळे पुसायचे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. पुण्याच्या एका आजोबांनी तर रुमाल हातात घेऊन ठेवलेला दिसतो, व्हिडिओत, डाव्या कोपऱ्यात. बिचारे.

हे पटतं मला. रात्री बारा वाजता तरी पटतंय.

आमच्या घरात एक नियम आहे, दादाला काही विचारलं की तोंड बंद ठेवायचं. त्याला प्रश्न आत घ्यायला, उत्तर जुळवायला आणि मग ते जिभेवर आणायला वेळ लागतो, आणि मधेच पुन्हा विचारलं की त्याला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. नवीन माणसाला ती शांतता सोसवत नाही, तो मधेच बोलतो आणि मग म्हणतो, हा उत्तर देत नाही. नवऱ्याला हे शिकायला दोन-तीन महिने लागले. त्या संध्याकाळी दादाची खुर्ची लोकांकडे पाठ करून होती, त्याला माना वळलेल्या दिसल्याच नाहीत. तो आपला हसला. हॉलला आत घ्यायला, जुळवायला वेळ लागला, इतकंच. कुणी मधे बोललं नाही हेच नशीब.

आज दुपारी त्याचा फोन आला होता. तुळशीच्या लग्नानंतर मामेबहिणीचं लग्न आहे आणि तिथे तो बोलणार आहे. मामाशी बोलणी झाली, माइक ठरला. कोणावर बोलणार म्हटलं, तर म्हणाला, "ताईवर." मी त्याच्यापेक्षा लहान आहे, पण मूड चांगला असला की मला ताई म्हणतो. नवरी ती आणि भाषण माझ्यावर कसं, हे विचारलं, थांबले. उत्तर आलं नाही, विषय आला. फुटाळ्यावर सायकल शिकताना मी भुट्ट्याच्या गाडीत घुसले, गाडीवाला मागे लागला आणि मी भावाला तिथेच टाकून पळाले, ती गोष्ट तो सांगणार आहे. मी म्हटलं, दादा, कार्ड करूया ना, मी हे "नाही"त ठेवते.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मी नियमाप्रमाणे गप्प.

"नाही," म्हणाला. "तेच सांगणार."