नवा लॅपटॉपच का अडतो?

«घरातला जुना फोन, जुना टीव्ही, प्रिंटर, सगळे वाय-फायला जोडले जातात. नवा लॅपटॉपच तेवढा जोडला जात नाही. पासवर्ड तोच आहे. लॅपटॉपच खराब निघाला का?»

बहुधा नाही. आणि पासवर्ड पुन्हा टाइप करू नका, तो बरोबरच आहे. जुना टीव्ही त्याच पासवर्डने आत गेला आहे ना?

त्या जुन्या टीव्हीने आणखी एक गोष्ट सांगून टाकली आहे, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. डब्ल्यूपीए ३ ही वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत २०१८ साली आली. त्याआधीच्या टीव्हीला ती येत नाही, त्याला २००४ पासूनची डब्ल्यूपीए २ तेवढी कळते. राउटर फक्त डब्ल्यूपीए ३ वर असता तर टीव्ही बाहेरच राहिला असता. तो आत आहे, म्हणजे राउटर एक तर जुन्या पद्धतीवर आहे किंवा दोन्ही पद्धती एकदम चालवतो आहे. ही दुसरी स्थिती म्हणजे ट्रान्झिशन मोड. राउटरच्या सेटिंगच्या पानावर ती बहुतेक वेळा `WPA2/WPA3-Personal` अशा नावाने दिसते. हा अंदाज बांधताना जुना फोन मात्र साक्षीला घेऊ नका. काही जुन्या फोनना नंतरच्या अपडेटमधून डब्ल्यूपीए ३ मिळालेलं असतं. प्रिंटर किंवा टीव्ही जास्त भरवशाचा.

ट्रान्झिशन मोडमध्ये नाव एक, पासवर्ड एक, पण दारं दोन असतात. जुनं उपकरण डब्ल्यूपीए २ च्या दाराने येतं. नव्याला दोन्ही दारं दिसतात आणि ते डब्ल्यूपीए ३ चं निवडतं. तिथली ओळख पटवण्याची रीत वेगळी आहे, तिला एसएई म्हणतात. डब्ल्यूपीए २ मध्ये जोडणीच्या वेळची देवाणघेवाण कुणी हवेतून टिपली, तर तो घरी बसून लाखो पासवर्ड त्यावर ताडून पाहू शकतो. एसएईमध्ये तसं जमत नाही. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावं लागतं.

मग नव्या दारावर अडलं तर लॅपटॉप मुकाट्याने जुन्या दाराने का येत नाही? कारण तसं येणं धोक्याचं आहे. तुमच्याच नावाचं, फक्त डब्ल्यूपीए २ बोलणारं खोटं वाय-फाय कुणी उभं केलं आणि लॅपटॉप त्याच्याशी जुन्या रीतीने बोलू लागला, तर अंदाज ताडायला लागणारा ऐवज त्या माणसाच्या हाती पडतो. मॅथी व्हॅनहूफ आणि एयाल रोनेन या सुरक्षा संशोधकांनी २०१९ मध्ये ‘ड्रॅगनब्लड’ या नावाने ज्या त्रुटी मांडल्या, त्यात ही एक होती. त्यामुळे बरीच उपकरणं एसएईवर अडली की तिथेच थांबतात, आणि पडद्यावर ‘जोडता येत नाही’ नाहीतर ‘पासवर्ड तपासा’ असलं काहीतरी मोघम येतं.

थोडक्यात, तुमच्या घरातल्या जुन्या उपकरणांनी नवं दार कधी वापरलेलंच नाही. ते बिघडलेलं असलं तरी कळणार कसं? पहिलं नवं उपकरण येतं तेव्हाच ते उघडकीला येतं, आणि आळ त्या नव्या उपकरणावर जातो.

माझ्या बहिणीच्या लॅपटॉपचं असंच झालं. नवा कोरा, विंडोज असलेला. माझ्याकडे आली, वाय-फायचं नाव दिसलं, पासवर्ड टाकला, आणि पडद्यावर `Can't connect to this network`. माझा मोठा टीव्ही आणि म्हातारा प्रिंटर निवांत चालू होते. तिने पासवर्ड इतक्या वेळा टाकला की शेवटी तो तिला पाठ झाला.

अशा वेळी मी एकच चाचणी करतो: राउटर आळीपाळीने तीन स्थितींत ठेवून बघतो. फक्त डब्ल्यूपीए २, फक्त डब्ल्यूपीए ३, आणि दोन्ही. पासवर्डला हात लावायचा नाही. राउटरच्या पानावर केबलने जायचं, कारण वाय-फायची सेटिंग वाय-फायवरूनच बदलली की आपल्याच पायाखालची फांदी तुटते. आणि प्रत्येक बदलानंतर लॅपटॉपला ते नेटवर्क विसरायला लावायचं, `Forget` दाबून. हे टाळू नका. जतन केलेल्या नेटवर्कबरोबर सुरक्षेचा प्रकारही लक्षात ठेवलेला असतो, आणि मग तुम्ही राउटर तपासत नसता, लॅपटॉपची जुनी आठवण तपासत असता.

पहिली स्थिती, फक्त डब्ल्यूपीए २: लॅपटॉप लगेच जोडला गेला. इथवर काही नवल नाही. एसएईच्या बाजूला काहीतरी आहे एवढंच कळलं. मी लॅपटॉपचा ड्रायव्हर दोषी धरून मोकळा झालो, कारण बहुतेक वेळा तोच असतो. अर्धा तास नवा ड्रायव्हर शोधण्यात आणि बसवण्यात घालवला. काही फरक पडला नाही. दुसरी स्थिती आधी बघितली असती तर हा अर्धा तास वाचला असता.

कारण फक्त डब्ल्यूपीए ३ वर ठेवल्यावरही लॅपटॉप लगेच जोडला गेला! म्हणजे त्याला एसएई येतं आणि राउटरलाही येतं. परत दोन्हीवर ठेवलं, की बंद. सुटी दारं चालतात, एकत्र केली की नवं दार अडतं. दोष ना या दारात ना त्या दारात, तो मिश्रणात होता.

मग माझा लिनक्सचा लॅपटॉप काढला आणि राउटर हवेत नेमकं काय जाहीर करतो आहे ते वाचलं. राउटरच्या पानावरचा शब्द आणि हवेतला शब्द कधी कधी वेगळा निघतो, म्हणून मी हवेतल्यावर जास्त विश्वास ठेवतो. आधी ढोबळ पाहणी:

```
nmcli -f SSID,BSSID,CHAN,SECURITY device wifi list
```

इथे आपलं नाव दोनदा दिसेल, एकदा २.४ गिगाहर्ट्झचं आणि एकदा ५ चं. दोन्ही ओळी वाचा. काही राउटरमध्ये प्रत्येक पट्ट्याची सुरक्षा वेगळी ठेवता येते, आणि एकाच नावामागे एक पट्टा मिश्र व दुसरा फक्त नवा, असा घोळ होऊ शकतो. माझ्याकडे दोन्ही ओळींत `WPA2 WPA3` होतं, म्हणजे ट्रान्झिशन मोड खराच चालू होता. मग बारीक तपशील:

```
sudo iw dev wlan0 scan
```

(`wlan0` च्या जागी तुमच्या वाय-फाय कार्डाचं नाव घाला.) त्या लांबलचक यादीत आपल्या राउटरच्या `RSN` भागात या दोन ओळी होत्या:

```
* Authentication suites: PSK SAE
* Capabilities: 16-PTKSA-RC 1-GTKSA-RC (0x000c)
```

पहिली ओळ ठीक आहे: `PSK` म्हणजे जुनं दार, `SAE` म्हणजे नवं. चूक दुसऱ्या ओळीत आहे, आणि ती तिथे जे नाही त्यात आहे. तिथे `MFP-capable` हा शब्द हवा होता, आणि शेवटचा आकडा `0x008c` हवा होता.

हे एमएफपी, किंवा राउटरच्या पानावरचं `PMF`, म्हणजे वाय-फायच्या कारभारी संदेशांना दिलेलं संरक्षण. ‘तू आता बाहेर हो’ असा संदेश राउटर उपकरणाला पाठवतो, आणि पूर्वी तो कुणीही राउटरच्या नावाने खोटा पाठवू शकत असे. २००९ च्या ८०२.११डब्ल्यू या मानकाने त्यावर उपाय दिला. डब्ल्यूपीए २ च्या जमान्यात तो ऐच्छिक होता. डब्ल्यूपीए ३ मध्ये सक्तीचा झाला: एसएईने येणाऱ्याने पीएमएफ वापरलंच पाहिजे.

आता कोडं सुटतं. माझा राउटर एसएईचं आमंत्रण देत होता, पण त्याला लागणारं पीएमएफ देत नव्हता. लॅपटॉपने आमंत्रण स्वीकारलं आणि उंबऱ्यावर अडला. प्रिंटरला पीएमएफशी देणंघेणं नाही, तो जुन्या दाराने आत. फक्त डब्ल्यूपीए ३ वर ठेवलं की माझा राउटर पीएमएफ आपणहून सक्तीचं करतो, म्हणून तेव्हा चालत होतं. प्रत्येक उपकरण अशा वेळी अडेलच असं नाही. काही उपकरणं पीएमएफ नाही हे बघून आधीच जुनं दार धरतात. त्यामुळे दोन नव्या लॅपटॉपपैकी एक जोडला जातो, एक नाही, असंही दिसू शकतं.

प्रगत सेटिंगमध्ये गेलो, तर पीएमएफ `Disabled`. कुणी केलं असेल? मीच. दोन वर्षांपूर्वी हाच प्रिंटर रुसला होता, तेव्हा एकेक सेटिंग बंद करत सुटलो होतो, आणि प्रिंटर चालू झाल्यावर काय काय बंद केलं ते विसरलो.

ट्रान्झिशन मोडमध्ये पीएमएफ मधल्या स्थितीत हवं: `Capable`, काही राउटरांवर `Optional`. ज्याला येतं त्याने वापरावं, ज्याला येत नाही त्याने तसंच यावं. `Required` केलं तर उलटं होईल, नवे आत आणि जुने बाहेर. मी ते `Capable` केलं, लॅपटॉपला नेटवर्क विसरायला लावलं, पासवर्ड टाकला, जोडला गेला. कोणत्या दाराने आला तेही तिच्या लॅपटॉपवर बघून घेतलं:

```
netsh wlan show interfaces
```

`Authentication` समोर `WPA3-Personal` आलं. तिथे `WPA2-Personal` दिसलं असतं तर जोडणी झाली असूनही काम झालं नाही असं मी समजलो असतो.

तुमच्याकडे चाचणीचा निकाल वेगळा येऊ शकतो. फक्त डब्ल्यूपीए २ वर चालतं आणि फक्त डब्ल्यूपीए ३ वर चालत नाही, असं झालं तर मात्र ड्रायव्हरच्या मागे लागा. `netsh wlan show drivers` च्या यादीत `WPA3-Personal` आहे का बघा. नसेल तर ड्रायव्हर जुना आहे किंवा कार्डालाच ते येत नाही. विंडोजमध्ये ही सोय १० च्या १९०३ आवृत्तीपासून आहे. तिन्ही स्थितींत अडत असेल तर सुरक्षेचा प्रकार सोडून द्या, कारण दुसरीकडे आहे.

फोनच्या बाबतीत आणखी एक गंमत होते. राउटर उपकरणाला कळवू शकतो की ‘इथे आता सगळीकडे डब्ल्यूपीए ३ आहे, यापुढे माझ्या नावावर जुनं दार स्वीकारू नकोस’. ज्या फोनला ही सूचना कळते, तो ती त्या नेटवर्कपुरती जपून ठेवतो. पुढे तुम्ही त्याच नावाचा, फक्त डब्ल्यूपीए २ चा जुना एक्स्टेंडर आतल्या खोलीत लावला, तर तो फोन राउटरपाशी चालतो आणि आतल्या खोलीत हट्टाने नकार देतो. जुना टीव्ही तिथेही मजेत चालतो. फोनचं वागणं बरोबर आहे, चूक एक्स्टेंडरच्या नावाची आहे. त्याला वेगळं नाव द्या.

माझा प्रिंटर `Capable` वर पुन्हा रुसला. पीएमएफ ऐच्छिक असलं तरी काही जुन्या उपकरणांना त्या जाहिरातीतला नवा मजकूरच वाचता येत नाही. या वेळी मी त्याच्यासाठी मुख्य नेटवर्क बिघडवलं नाही. त्याला २.४ गिगाहर्ट्झवर वेगळ्या नावाचं, फक्त डब्ल्यूपीए २ आणि एईएसचं नेटवर्क काढून दिलं, लांबलचक वेगळ्या पासवर्डचं. आणि या वेळी काय बदललं ते राउटरच्या पोटाशी चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवलं आहे.