लोहगडावर पावसात फोटो काढायचेत? पाऊच घेऊ नका

मळवलीला उतरून भाजेमार्गे गेलो. लोहगडवाडीपर्यंत सांगण्यासारखं काही नाही, चालत राहा. राग आहे तो तिथे दीडशे रुपयांना गळ्यात मारलेल्या पारदर्शक पाऊचवर. "पाण्यात बुडवा, तरी फोटो एक नंबर!" म्हणे. फोन बुडायचा नाही, हे खरं. पण गणेश दरवाजा येईस्तोवर पाऊचला आतून वाफ धरली. कॅमेरा चालू असला की फोन तापतो, बाहेरून पाऊस प्लास्टिक गार करतो आणि आत कोंडलेली दमट हवा लेन्ससमोरच घाम सोडते. धुक्यात हे स्क्रीनवर कळतही नाही. ओळखायचं कसं? दरवाजाच्या आतला काळोख काळा न दिसता दुधाळ दिसला, की वाफ धरलीच.

त्यापेक्षा साधी झिपची पिशवी आणि दोन सुती रुमाल घ्या, एक हाताला, एक फक्त लेन्सला. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा या चारही दरवाजांच्या कमानींखाली आडोसा मिळतो. फोन तिथेच बाहेर काढा. ओल्या स्क्रीनवर बोट चालत नाही, थेंबांनाच बोट समजून फोन भलतं काहीतरी उघडतो. क्लिक आवाजाच्या बटणाने करा. कमानीच्या अंधारासमोर पावसाच्या रेघाही उठून दिसतात. पांढऱ्या आभाळासमोर त्या दिसतच नाहीत, उगाच प्रयत्न करू नका.

मधल्या पायऱ्यांनी मात्र जीव खाल्ला. ओल्या दगडावर आभाळ चमकतं आणि फोटोत पायऱ्यांच्या जागी पांढरे पट्टे येतात. ब्राइटनेस कमी केला तर भिंत काळी पडते, पट्टे तसेच. इलाज एकच, पोलराइज्ड गॉगल. त्याची काच लेन्ससमोर धरून हळूहळू फिरवा. एका ठिकाणी चकाकी विरते आणि शेवाळ्याचा खरा हिरवा रंग दिसतो. नजर जमिनीशी साधारण 35 ते 40 अंशांत तिरपी असेल तर फरक मोठा पडतो, सरळ खाली पाहून जवळजवळ काहीच नाही. काच निम्म्याहून जास्त उजेड खाते, तेव्हा हात कठड्याला टेकवा. साधा काळा गॉगल नुसता अंधार करतो.

माथ्यावर धुकं होतं. कॅमेरा त्या पांढऱ्याला राखाडी करतो, म्हणून माणसावर बोट दाबून फोकस धरा आणि उजेड थोडा वर सरकवा. आभाळ फ्रेममध्ये जितकं कमी, तितकं बरं.

विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या सोंडेवर, उतरताना फोन पिशवीतच ठेवा. तिथे दोन्ही हात लागतात आणि वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही.

परतीच्या लोकलमध्ये लगेच पॉवर बँक जोडू नका. चार्जिंगचं तोंड खाली करून फोन हलकेच झटका आणि वाऱ्यावर वाळू द्या. तांदळाच्या डब्यात घालायच्या भानगडीत पडू नका, पीठ आत जातं.